जादूगाराला कोंडायचं कुठे?

समजा, एक माणूस पाय आपटून जमिनीतून खडक उपसून काढू शकतो. राजाला त्याला कैदेत टाकायचं आहे. कोठडी कशाची बांधणार? दगडी भिंत तो फोडेल. विटा म्हणजे भाजलेली मातीच. लाकडाची कोठडी केली, तरी तिच्या खालची जमीन त्याचीच.

‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या अमेरिकी अॅनिमेशन मालिकेत या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच पर्वात येतं. अग्निराष्ट्राचे सैनिक माती हलवणाऱ्यांना धरतात आणि भर समुद्रात उभ्या केलेल्या लोखंडी तळावर नेऊन ठेवतात. तिथे पायाखाली लोखंड, चहूकडे पाणी आणि मातीचा कणही नाही. कैद्यांना साखळदंड लागतच नाहीत. नायकाचे सोबती मग या व्यवस्थेतली फट शोधतात. तळाची यंत्रं कोळशावर चालतात आणि कोळसा जमिनीतूनच निघालेला असतो. वाऱ्याच्या नळ्यांमधून तो कोळसा वर उडवला जातो आणि कैद्यांच्या हाती शस्त्र येतं.

मायकेल दांते दिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झ्को या दोघांनी रचलेली ही मालिका निकलोडियनवर 2005 ते 2008 या काळात तीन पर्वांत आणि 61 भागांत दाखवली गेली. लेखन अमेरिकेत झालं, तर प्रत्यक्ष चित्रं हलती करण्याचं बरंचसं काम दक्षिण कोरियातल्या स्टुडिओंमध्ये. लेखक एका खंडात, पार्श्वभूमी रंगवणारा दुसऱ्या खंडात आणि प्रत्येक भागाचा दिग्दर्शक वेगळा, अशा कामात सगळ्यांच्या डोक्यात एकच जग असावं लागतं. त्यासाठी जी पुस्तिका तयार करतात, तिला या धंद्यात ‘सिरीज बायबल’ किंवा नुसतं ‘बायबल’ म्हणतात. आपण तिला जगाची मार्गदर्शिका म्हणू. तिच्यात जगाचे नियम, ठिकाणं, चालीरीती आणि पुन्हापुन्हा दिसणाऱ्या दृश्यखुणा असतात.

नवखे लोक ही पुस्तिका इतिहासापासून लिहायला घेतात. दोन हजार वर्षांपूर्वीचं युद्ध, सात राजघराणी, नकाशावर चाळीस गावं. अशी शंभर पानं होतात आणि स्टोरीबोर्ड काढणारा चित्रकार ती उघडत नाही, कारण त्याला हवं असलेलं उत्तर त्यात सापडत नाही. त्याचा प्रश्न साधा असतो: या पात्राचे हात बांधले, तर ते काही करू शकतं का? माझ्या मते दहा-बारा पानांची मार्गदर्शिका पुरते. मात्र तिच्यातली ठिकाणं नियमांमधून निघालेली हवीत, चालीरीती नियम आणि ठिकाणं यांतून निघालेल्या हव्यात, आणि खुणांनी हे सगळं शब्दांवाचून दाखवायला हवं. हा धागा जुळला की पानं आपोआप कमी होतात. एक नियम नीट लिहिला, की त्यावरून काढता येणाऱ्या वीस गोष्टी वेगळ्या लिहाव्या लागत नाहीत.

‘अवतार’चा मुख्य नियम तीन-चार वाक्यांत मावतो. काही माणसं पाणी, माती, अग्नी किंवा वायू यांपैकी एक तत्त्व हलवू शकतात. याला मालिकेत ‘बेंडिंग’ म्हणतात. ते मंत्राने होत नाही, शरीराच्या हालचालीने होतं. अग्नी सोडून बाकी तत्त्वं आसपास असावी लागतात, अग्नी मात्र माणूस स्वतःच्या श्वासातून निर्माण करतो. चारही तत्त्वं एकट्या अवताराला साधतात. पंचमहाभूतं ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला आकाश गाळल्याचं लगेच जाणवेल, पण चार तत्त्वांवर चार राष्ट्रं उभी करायची तर हा हिशेब सोयीचा आहे.

यातलं ‘शरीराच्या हालचालीने’ हे कलम सगळ्यात मोलाचं आहे. मंत्राची जादू दाखवायची तर चित्रकाराला हलणाऱ्या ओठांपलीकडे काही मिळत नाही. इथे प्रत्येक तत्त्वाला एकेक खरी चिनी युद्धकला नेमून दिली आहे: पाण्याला ताई ची, मातीला हुंग गार, अग्नीला उत्तरेकडची शाओलिन आणि वायूला वर्तुळात पावलं टाकणारी बागुआझांग. सिफू किसू हे युद्धकलेचे शिक्षक सल्लागार होते. त्यामुळे पात्राची नुसती काळी आकृती पाहिली, तरी ते कुठल्या राष्ट्राचं हे कळतं. मातीवाला पाय रोवून उभा राहतो, वायूवाला एका जागी थांबतच नाही. मार्गदर्शिकेतलं एक कलम लेखकाला मर्यादा देतं आणि चित्रकाराला पवित्रा देतं. एकाच वाक्याने दोघांचं काम भागत नसेल, तर ते कलम अजून कच्चं आहे असं समजावं.

आता पुन्हा कैदखान्याकडे येऊ, कारण नियमांची कसोटी घेण्यासाठी याहून चांगला प्रश्न मला माहीत नाही. पाणी हलवणाऱ्यांना कसं कोंडायचं? तिसऱ्या पर्वात हामा नावाची म्हातारी आपल्या कैदेची हकिगत सांगते. टांगलेले पिंजरे, आत सोडलेली कोरडी हवा आणि प्यायला पाणी देण्याआधी हातपाय जखडणं. ही व्यवस्था पहिल्याच दिवशी रचल्यासारखी वाटत नाही. एखादा कैदी पेल्याभर पाण्याने पळाला असावा आणि मग पहारेकऱ्यांनी हा नियम केला असावा, असं पाहणाऱ्याला न सांगता कळतं. अग्नीवाल्यांसाठी उकळत्या तळ्यातल्या तुरुंगात बर्फाळ थंड कोठडी असते, कारण त्यांची शक्ती श्वासातल्या उबेवर चालते. बूमी हा म्हातारा राजा तर डोकं तेवढं बाहेर ठेवलेल्या लोखंडी पेटीत असतो आणि तरी तो नुसत्या चेहऱ्याच्या हालचालीने दगड हलवतो. हालचालीचा नियम इथे मोडलेला नाही, त्याची हद्द तेवढी दाखवली आहे.

नियम ताणायचा कसा, हेही या तुरुंगांतूनच दिसतं. हामा सुटते ती उंदरांमुळे. उंदीर म्हणजे पाण्याने भरलेली कातडीच, हे तिच्या ध्यानात येतं आणि पौर्णिमेच्या रात्री, चंद्राने पाणीवाल्यांचं बळ वाढवलेलं असताना, ती प्राण्यांच्या आणि मग माणसांच्या अंगातलं रक्त हलवायला शिकते. अंगावर काटा आणणारी ही विद्या आहे, पण ती आकाशातून पडलेली नाही. ‘पाणी हलवता येतं’ हे आपण पहिल्या भागापासून ऐकत होतो, शरीरातही पाणी असतं हे आपल्याला माहीत होतं, आणि पौर्णिमेची अट घालून लेखकांनी तिला लगामही घातला आहे. टॉफ ही आंधळी मुलगी लोखंडी पेटीत कोंडली जाते, तेव्हा ती पेटीवर हात आपटून आतले मातीचे सूक्ष्म कण ओळखते आणि लोखंड वाकवते. म्हणजे पहिल्या पर्वातला लोखंडी तुरुंग आता कुचकामी झाला. 2012 साली सुरू झालेल्या ‘द लेजंड ऑफ कोरा’ या पुढच्या मालिकेत म्हणून शुद्ध प्लॅटिनम येतं. त्यात मातीचे कण नसल्याने ते वाकत नाही. नियम सैल झाला, की त्याचं दुसरं टोक कुठे आवळायचं हे मार्गदर्शिका सांभाळणाऱ्याला ठाऊक असावं लागतं.

टॉफचं उदाहरण आणखी एका गोष्टीसाठी पाहण्यासारखं आहे. ती तळपायांना जाणवणाऱ्या कंपनांवरून ‘पाहते’. या देणगीची किंमत मालिका वेळोवेळी वसूल करते. वाळवंटातल्या सैल वाळूत तिला सगळं धूसर भासतं, उडत्या प्राण्याच्या पाठीवर ती खरोखर आंधळी असते आणि एकदा तळपाय भाजतात तेव्हा तिला चाचपडावं लागतं. नियमाच्या पानावर शक्तीसमोर तिची किंमत लिहिली नसेल, तर दहाव्या भागापर्यंत ते पात्र सर्वशक्तिमान होतं आणि त्याच्या अडचणी खोट्या वाटायला लागतात.

ठिकाणांची पानं लिहिताना विचारायचा प्रश्न हा की, ज्या गावातली निम्मी माणसं हे करू शकतात, ते गाव रोज सकाळी कसं चालत असेल? ओमाशू शहरात टपाल दगडी घसरगुंड्यांवरून जातं. डबे वर चढवायला मातीवाले आणि खाली आणायला उतार. बा सिंग सेमध्ये दगडी आगगाडी मातीवाले ढकलतात. उत्तर ध्रुवावरच्या बर्फाच्या शहरात रस्त्यांच्या जागी कालवे आहेत आणि त्यांची दारं पाणीवाले उघडतात. वायुभिक्षूंचे मठ डोंगराच्या कड्यांवर आहेत, तिथे जायला पायवाट नाही, कारण ते सगळे उडतच जातात. अशा ठिकाणासाठी मार्गदर्शिकेत अर्धं पान पुरतं. वर एक चित्र आणि खाली तीन उत्तरं: इथे लोक ये-जा कशी करतात, खातात काय, आणि ज्याच्याकडे शक्ती नाही त्याची कुठे अडचण होते.

चालीरीतींच्या बाबतीत मात्र जास्त जपावं लागतं. सण आणि पोशाख यांची यादी करणं सोपं आहे, पण यादीतून गोष्ट निघत नाही. जी चाल पाळल्याने किंवा मोडल्याने कुणाचं तरी काही जातं, तीच चाल पानावर यावी. उत्तरेकडच्या जलजमातीत बायकांनी पाण्याने जखमा बऱ्या करायच्या, लढायचं नाही, अशी रीत आहे. जगाच्या दुसऱ्या टोकाहून युद्धविद्या शिकायला आलेली कटारा इथे येऊन अडते. त्याच जमातीत वाग्दत्त वधूच्या गळ्यात कोरलेल्या दगडाचं पदक बांधतात. कटाराच्या गळ्यात आजीचं असंच पदक असतं आणि ते कोरणारा माणूस म्हणजे तिला शिकवायला नकार देणारा गुरूच निघतो. ही आजी ज्या रीतीला कंटाळून पळून गेली, तीच रीत आता नातीच्या वाटेत उभी आहे. पहिल्या भागापासून दिसणारा दागिना अठराव्या भागात बोलतो.

दागिन्यासारख्या अशा खुणांनाच मी दृश्यखुणा म्हणते. पुन्हापुन्हा दिसणारी वस्तू, रंग किंवा आकार, जिचा अर्थ दर वेळी थोडा वाढतो. पाणीवाल्यांचा निळा आणि अग्नीवाल्यांचा लाल रंग ही त्यातली प्राथमिक पायरी झाली. त्याहून पुढचं काम पहिल्या पर्वाच्या शेवटी आहे. शत्रूचा सेनापती चंद्राच्या आत्म्याला, म्हणजे तळ्यातल्या एका माशाला पिशवीत धरतो, तेव्हा आकाश लाल होतं. तो त्याला मारतो आणि चंद्र नाहीसा होतो. चित्रातले रंग निघून जातात, सगळं राखाडी होतं आणि आगीच्या लोळांना तेवढा रंग उरतो. पाणीवाल्यांचं बळ गेलं, हे सांगायला संवाद लागत नाही. चंद्राकडून बळ येतं हा नियम, निळा हा राष्ट्राचा रंग आणि कथेतला पराभव, हे तिन्ही एकाच चौकटीत येतात.

रेषेचीही खूण करता येते. आयर्लंडच्या कार्टून सलून या स्टुडिओच्या ‘वुल्फवॉकर्स’मध्ये (2020) 1650 सालचं किलकेनी शहर लाकडी ठशाने छापल्यासारख्या जाड, कोनाकोनांच्या रेषांत आहे आणि बाहेरचं रान सैल, वळणदार पेन्सिलीत. मुलगी रानाकडे ओढली जाते तशी तिची रेषाही सैलावते. अशी गोष्ट मार्गदर्शिकेत एका ओळीत लिहावी आणि शेजारी दोन चौकटी काढाव्यात.

आता एक छोटी मार्गदर्शिका प्रत्यक्ष करून पाहू. जग नवीन आहे आणि त्याचं नाव कानखोरे. सह्याद्रीसारख्या काळ्या बेसॉल्टच्या डोंगरांमधलं हे खोरं. कल्पना अशी की, इथला दगड बोलणं साठवतो.

पहिल्या मसुद्यात नियम असा लिहिला: दगड ऐकलेलं सगळं साठवतो. लगेच अडचण येते. मग प्रत्येक दगडात पाखरांचा कलकलाट आणि बैलांच्या घंटा भरतील. म्हणून दुसरा मसुदा: उजवा तळवा टेकवून बोललेलंच दगडात राहतं आणि डावा टेकवला की ते ऐकू येतं. लेखकाला हे पटतं, पण चित्रकार अडतो. अॅनिमेशनमध्ये सोयीसाठी चित्र आडवं उलटवतात, म्हणजे उजव्याचं डावं होतं. एका बाजूला व्रण असलेल्या पात्राच्या बाबतीत हा घोळ हमखास होतो, आणि इथे तर नियमच डाव्या-उजव्यावर टांगलेला. तिसऱ्या मसुद्यात तो टिकाऊ झाला: तळवा टेकवून बोललं की शब्द दगडात जातात. पालथा हात टेकवला, की दगड ते एकदाच, बोलणाऱ्याच्याच आवाजात परत बोलतो आणि रिकामा होतो. एका दगडात एका श्वासाचं बोलणं मावतं. दगड भिजला, तरी रिकामा होतो. तळवा आणि पालथा हात यांतला फरक दुरून, नुसत्या आकृतीतही दिसतो.

आता यातून ठिकाणं निघू लागतात. पाऊस दगड पुसतो, म्हणून घरांना खोल वळचणी आहेत. लांब करार एका दगडात मावत नाही, म्हणून न्यायसभेची भिंत ओळीने लावलेल्या दगडांची आहे आणि तिच्यावर दुहेरी छप्पर आहे. नदीकाठचे दगड कायम ओले, म्हणजे तिथे बोललेलं कुठेच उरत नाही. म्हणून गुपितं, कट आणि प्रेम नदीकाठी.

चाली काढायला कैदखान्यासारखाच एक प्रश्न घेऊ: या खोऱ्यात चोरी कशी करतात? दगड पळवायची गरजच नाही, पालथा हात लावून तो ऐकला की पुरावा संपला. म्हणून परक्या घरात शिरताना हाताच्या पालथ्या बाजूवर कापडाची पट्टी बांधायची रीत आहे. पट्टी न बांधता आत येणं हा अपमान किंवा धमकी. मृग लागण्याआधी सगळी उसनवारी फेडायची, कारण पावसात गरिबांच्या वळचणी गळतात आणि त्यांचे दगड पुसले जातात. सावकाराचे दगड दुहेरी छपराखाली शाबूत राहतात. या शेवटच्या वाक्यात मला निदान तीन भागांची सामग्री दिसते. आजीचे शेवटचे शब्द दगडात आहेत, पण ऐकले तर ते संपतील म्हणून घरात कुणी हात लावत नाही आणि पाऊस तर येतो आहे, असा चौथा भागही त्यात आहे.

खुणा दोनच. भरलेल्या दगडावर एक फिकट कडं दिसतं, रिकाम्यावर नाही. आणि हाताची पट्टी. कड्याचा आकार मग इतरत्र कुठेही काढायचा नाही: रहाटगाडग्याला, भांड्याच्या नक्षीला, खिडकीला नाही. खूण सगळीकडे सांडली, तर तिचा अर्थ उरत नाही. ही मनाई मार्गदर्शिकेत ठळक लिहावी. कुठल्याही मार्गदर्शिकेतलं ‘इथे काय होत नाही’ हे अर्धं पान मी सगळ्यात आधी वाचते, कारण चुका तिथेच थांबतात.

पुस्तिका तयार झाली की ती अशा दोघांना द्यावी, जे चर्चेला हजर नव्हते. दोघांना वेगवेगळं बसवून तेच दहा प्रश्न विचारावेत. मुक्याचं बोलणं दगडात राहतं का? तुटलेला दगड काय बोलतो? लहान मूल पट्टी कधीपासून बांधतं? दोघांची उत्तरं जुळली, तर लिहिलेलं पुरेसं आहे. उत्तरं वेगळी आली, तर तिथे भोक आहे. दोघांनीही ‘हे कुठे लिहिलंय?’ असं विचारलं, तर प्रश्न गोष्टीत येणार आहे का ते पाहावं आणि येणार असेल तरच उत्तर लिहावं. उलट बाजूने, प्रत्येक वाक्य खोडून पाहावं. खोडल्याने एकही चित्र किंवा प्रसंग बदलत नसेल, तर ते खोडलेलंच बरं.

काम सुरू झाल्यावरची मोठी चूक म्हणजे शेवटाला नवा नियम आणणं. ‘अवतार’च्या शेवटच्या भागांत नायकाला शत्रूची शक्तीच काढून घेण्याची विद्या मिळते. तिची पुरेशी तयारी आधी झालेली नाही, अशी तक्रार अनेक चाहते आजही करतात आणि मला ती रास्त वाटते. रक्त हलवण्याची विद्या पचते, कारण तिचे धागे आधीच विणलेले होते. म्हणून कथेचा शेवट ज्या नियमावर टेकणार आहे, तो पहिल्या पानावर असावा आणि पहिल्या दोन-तीन भागांत एखाद्या किरकोळ प्रसंगात दिसावा.

काही जागा जाणून मोकळ्या ठेवाव्यात, मात्र त्या मोकळ्या आहेत हे लिहून ठेवावं. झुको या राजपुत्राच्या आईचं पुढे काय झालं, हे ‘अवतार’ मालिका सांगत नाही. त्याचं उत्तर 2013 साली ‘द सर्च’ या चित्रकथेत आलं. अशी नोंद नसेल, तर एखादा भाग लिहिणारा लेखक ओघात उत्तर देऊन मोकळा होतो आणि ते सगळ्यांवर बंधनकारक होतं. कानखोऱ्याच्या मार्गदर्शिकेत ही नोंद शेवटच्या पानावर जाईल: दगड मुळात ऐकायला कधी आणि का लागले, हे ठरवलेलं नाही, आणि पहिल्या पर्वात कुठल्याही पात्राने ते सांगायचं नाही.